प्रत्येक निगेटिव्ह नमुन्याचे मोल

कंटिन्जन्सी मॅनेजमेंट ही व्यसनमुक्तीची एक उपचारपद्धती आहे. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: रुग्णाने ठरलेली गोष्ट केली आणि ती तपासून खरी ठरली, की त्याला ठरलेले बक्षीस लगेच मिळते, खरी ठरली नाही, तर मिळत नाही. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात ही ठरलेली गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा लघवीचा निगेटिव्ह नमुना असतो. बक्षीस कूपन, गिफ्ट कार्ड किंवा लहानमोठ्या वस्तूच्या रूपात दिले जाते. समुपदेशन, गटचर्चा हे नेहमीचे उपचार सोबत चालू असतात.

कोकेन आणि मेथॅम्फेटामिन ही उत्तेजक द्रव्ये. त्यांच्या व्यसनात या पद्धतीला विशेष स्थान मिळाले, त्याला कारण आहे. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथॅडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही औषधे आहेत. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. तिथल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या व्यसनासाठी सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार म्हणून कंटिन्जन्सी मॅनेजमेंटचेच नाव आहे.

पद्धतीमागचा विचार वर्तनशास्त्रातला आहे. नशेचे सुख काही मिनिटांत हाती येते. नशा सोडण्याचे फायदे, म्हणजे सुधारलेली तब्येत, टिकलेली नोकरी, सावरलेले घर, महिन्यांनी आणि वर्षांनी दिसतात. लांबचा मोठा लाभ माणसाला जवळच्या लहान लाभापुढे फिका वाटतो, आणि व्यसनात हा कल फारच तीव्र होतो. म्हणून नशा न करण्यालाही जवळचा, आज हातात पडणारा लाभ जोडायचा, एवढाच यातला डाव आहे. तो साधतो की फसतो, हे बक्षिसाच्या वेळापत्रकावर ठरते: तपासणी किती वेळा, रक्कम किती, ती कशी वाढते आणि चूक झाल्यावर कुठे येऊन थांबते.

व्हरमाँटचा मूळ आराखडा

आजच्या बहुतेक वेळापत्रकांचे मूळ अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात आहे. मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांसाठी 12 आठवड्यांचा आराखडा तयार केला. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन वेळा नमुने घेतले जात. पहिल्या निगेटिव्ह नमुन्याला अडीच डॉलरचे कूपन मिळे. त्यानंतरच्या प्रत्येक सलग निगेटिव्ह नमुन्याचे मोल सव्वा डॉलरने वाढत जाई, आणि दर तीन सलग निगेटिव्ह नमुन्यांमागे दहा डॉलर वर मिळत. या हिशेबाने विसावा नमुना सव्वीस डॉलर पंचवीस सेंटचा आणि शेवटचा छत्तिसावा सव्वाशेहेचाळीस डॉलरचा होतो. छत्तीसच्या छत्तीस नमुने निगेटिव्ह देणाऱ्याची एकूण कमाई 997 डॉलर 50 सेंट. रोख रक्कम दिली जात नसे. कूपनच्या बदल्यात रुग्णाला हवी असलेली वस्तू किंवा सेवा कर्मचारी विकत आणून देत.

आराखड्यातला कळीचा भाग पुढे आहे. नमुना पॉझिटिव्ह आला, किंवा रुग्ण नमुना द्यायला आलाच नाही, तर पुढच्या निगेटिव्ह नमुन्याचे मोल पुन्हा अडीच डॉलरवर येई. मात्र त्यानंतर सलग पाच निगेटिव्ह नमुने दिले, की घसरणीपूर्वीची पातळी परत मिळे. म्हणजे विसाव्या नमुन्यापर्यंत पोहोचलेल्या माणसाला नशा करताना त्या दिवसाचे सव्वीस डॉलर तर सोडावे लागत, शिवाय इतक्या आठवड्यांत वर चढवत नेलेली पातळीही गमवावी लागे. जितका काळ तो स्वच्छ राहिला, तितकी ती पातळी गमावणे अधिक महाग. आणि एकदा चुकल्यावर सारे संपले असेही होत नसे, कारण परतीची वाट पाच नमुन्यांवर उघडी होती.

1994 साली प्रसिद्ध झालेल्या चाळीस रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांना एकाच प्रकारचे समुपदेशन दिले होते. फरक फक्त कूपनांचा होता. कूपन असलेल्या गटातील 75 टक्के रुग्णांनी 24 आठवड्यांचा उपचार पूर्ण केला, कूपन नसलेल्या गटातील 40 टक्क्यांनी.

चढती रक्कम आणि चुकीनंतरची घसरण या दोन्हींची गरज आहे का, हे हिगिन्स यांच्याच गटाने 1996 साली सिगारेट ओढणाऱ्यांवर तपासले. एका गटाला दर वेळी सारखीच रक्कम, दुसऱ्याला चढती रक्कम आणि चुकल्यास घसरण. सिगारेट सोडायला दोन्ही प्रकारच्या बक्षिसांनी मदत केली. पण सोडल्यावर पुन्हा ओढण्याकडे वळणारे लोक चढत्या आणि घसरणाऱ्या वेळापत्रकात कमी होते. सारखी रक्कम सुरुवात करून देते, चढती रक्कम टिकवून धरते, असा या निष्कर्षाचा सोपा अर्थ.

चिठ्ठ्यांचे भांडे

हजार डॉलरचा खर्च सार्वजनिक दवाखान्यांना पेलणारा नव्हता. त्यावर कनेक्टिकट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांनी काढलेला उपाय म्हणजे चिठ्ठ्यांचे भांडे. निगेटिव्ह नमुन्याबद्दल रुग्णाला थेट रक्कम मिळण्याऐवजी चिठ्ठ्या काढण्याची संधी मिळते. ठरावीक मांडणीत भांड्यात 500 चिठ्ठ्या असतात: 250 चिठ्ठ्यांवर फक्त शाबासकीचे शब्द, 209 वर एक डॉलरचे लहान बक्षीस, 40 वर वीस डॉलरचे मोठे आणि एकीवर शंभर डॉलरचे. सर्व बक्षिसांची बेरीज 1109 डॉलर होते. तिला 500 ने भागले, की एका चिठ्ठीचे सरासरी मोल सव्वादोन डॉलरांच्या किंचित खाली येते. शंभर डॉलरची आशा कायम राहते, खर्च मात्र आटोक्यात.

इथेही चढता क्रम चिठ्ठ्यांच्या संख्येत असतो. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने 2011 पासून पेट्री यांच्या मार्गदर्शनाखाली ही पद्धत आपल्या केंद्रांत आणली. तिथे 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा तपासणी असते. पहिल्या निगेटिव्ह नमुन्याला एक चिठ्ठी, दुसऱ्या सलग नमुन्याला दोन, असे वाढत आठपर्यंत जायचे आणि तिथे थांबायचे. चोवीसही नमुने निगेटिव्ह देणारा 164 चिठ्ठ्या काढतो आणि सरासरीने साधारण 364 डॉलर मिळवतो. उत्तेजक द्रव्यांच्या 415 रुग्णांवर आठ दवाखान्यांत झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिठ्ठ्यांच्या गटातील 49 टक्के रुग्ण 12 आठवडे टिकले. नेहमीच्या उपचारातील 35 टक्के.

या भांड्याची एक बारीक अट सहज विसरली जाते. काढलेली चिठ्ठी लगेच भांड्यात परत टाकावी लागते. ती बाहेर राहिली, तर प्रमाण बदलते. शंभर डॉलरची एकमेव चिठ्ठी कुणी काढली आणि ती परत गेली नाही, तर पुढच्या प्रत्येकाला मोठ्या बक्षिसाचे खोटे आश्वासन दिल्यासारखे होते.

कॅलिफोर्नियाचे वेळापत्रक आणि एक हिशेब

सरकारी आरोग्यविम्यातून हा उपचार देण्याची परवानगी केंद्र सरकारकडून मिळवणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील पहिले राज्य. परवानगी डिसेंबर 2021 मध्ये मिळाली आणि प्रत्यक्ष सेवा 2023 मध्ये सुरू झाली. तिथला कार्यक्रम 24 आठवड्यांचा आहे आणि त्याचे वेळापत्रक समजायला सोपे आहे, म्हणून ते नमुन्यादाखल नीट पाहण्यासारखे आहे.

पहिले 12 आठवडे आठवड्यातून दोन तपासण्या होतात, दोहोंमध्ये किमान 72 तासांचे अंतर ठेवून. म्हणजे सोमवार आणि गुरुवार, किंवा मंगळवार आणि शुक्रवार. पहिल्या आठवड्यात प्रत्येक निगेटिव्ह नमुन्याला 10 डॉलर. आठवड्याचे दोन्ही नमुने निगेटिव्ह आले, तर पुढच्या आठवड्याचा दर दीड डॉलरने वाढतो. अशा रीतीने बाराव्या आठवड्यात एका नमुन्याचे साडेसव्वीस डॉलर होतात. तेराव्या आठवड्यापासून तपासणी आठवड्यातून एकदाच: अठराव्यापर्यंत दर वेळी 15 डॉलर, तेविसाव्यापर्यंत 10 आणि शेवटच्या चोविसाव्या आठवड्यात 21. पहिल्या टप्प्याचे 438, मग 90, 50 आणि 21, अशी बेरीज 599 डॉलर. आकडा 600 च्या आत ठेवण्याला अमेरिकी करव्यवस्था कारणीभूत होती: 600 डॉलरांच्या पुढे मिळकतीची नोंद प्राप्तिकर खात्याकडे द्यावी लागत असे.

आता एका काल्पनिक रुग्णाचा हिशेब मांडून पाहू. त्याची तपासणी सोमवारी आणि गुरुवारी होते. पहिले चार आठवडे सर्व नमुने निगेटिव्ह आले, तेव्हा त्याच्या नावावर 98 डॉलर जमा झाले. पाचव्या आठवड्यातला दर 16 डॉलर. सोमवारचा नमुना निगेटिव्ह, म्हणून बेरीज 114. गुरुवारी मात्र मेथॅम्फेटामिनसाठी नमुना पॉझिटिव्ह आला. आधी मिळालेल्या 114 डॉलरांना कुणी हात लावत नाही. त्या दिवसाचे 16 फक्त मिळत नाहीत. सहाव्या आठवड्याचा दर पुन्हा 10 डॉलर होतो. त्या आठवड्याचे दोन्ही नमुने निगेटिव्ह आल्यामुळे 20 डॉलर मिळतात, आणि सलग दोन निगेटिव्ह झाल्याने सातव्या आठवड्यात जुनी 16 डॉलरची पातळी परत मिळते. तिथून तो पुन्हा दीड-दीड डॉलरने चढतो आणि बाराव्या आठवड्यात साडेतेवीसवर पोहोचतो. बारा आठवड्यांची बेरीज 371 डॉलर. एकही चूक न करणाऱ्याला 438 मिळाले असते. म्हणजे एका नशेची किंमत 67 डॉलर.

समजा, कुणी परतीचा नियम वगळून टाकला आणि चुकलेल्याला दहापासून तसेच एक-एक पायरी चढायला लावले. मग बारा आठवड्यांची बेरीज 317 वर येते, आणि एका चुकीची किंमत 121 डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. शिक्षा कडक झाली म्हणजे परिणाम वाढला, असा समज इथे फसवतो. बाराव्या आठवड्यापर्यंतही एकोणीस डॉलरच्या वर जाता येणार नाही, हे कळलेला रुग्ण सातव्या आठवड्यात येणेच बंद करतो. परतीची वाट जवळ असेल, तर ज्या दिवशी नमुना पॉझिटिव्ह आला त्याच दिवशी त्याला सांगता येते: पुढचे दोन नमुने निगेटिव्ह दे, पुन्हा सोळावर येशील.

तपासणीचे अंतर

वेळापत्रक आखताना सर्वांत जास्त चुका होतात त्या नमुन्यांच्या अंतरात. कोकेन वापरल्यावर त्याचे विघटन होऊन बनणारा पदार्थ लघवीत साधारण दोन ते तीन दिवस सापडतो. मेथॅम्फेटामिनही तितकाच काळ, जास्त वापर असेल तर थोडा अधिक काळ सापडते. बक्षीस नशा न करण्याला जोडले जाते की नाही, हे या दिवसांवरून ठरते.

तपासणी आठवड्यातून एकदाच, समजा दर सोमवारी ठेवली, तर सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी नशा करणारा पुढच्या सोमवारी निर्धास्त निगेटिव्ह नमुना देऊ शकतो. कार्यक्रम मग नशेच्या आठवड्यालाही बक्षीस देऊ लागतो. उलट टोकाला रोज तपासणी केली, तर रविवारी केलेल्या एका नशेमुळे सोमवार, मंगळवार आणि कदाचित बुधवार असे तीन नमुने पॉझिटिव्ह येतात. सोमवारपासून स्वच्छ राहिलेल्या माणसाला त्याच एका चुकीसाठी तीनदा बक्षीस नाकारले जाते, आणि त्याने केलेला बदल नोंदलाच जात नाही. 72 तासांच्या आसपासचे अंतर या दोन्ही टोकांमधून मार्ग काढते: मधली बहुतेक नशा पकडली जाते आणि एकच नशा दोनदा मोजली जाण्याची शक्यता कमी राहते. कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या टप्प्यात तपासणी आठवड्यावर येते, कारण तिथे पकड हळूहळू सैल करण्याचा हेतू आहे; सुरुवातीपासून आठवड्याला एक तपासणी ठेवणारे केंद्र मात्र स्वतःची फसवणूक करून घेते.

चाचणीची पट्टी जे द्रव्य ओळखते, तेच मोजले जाते, हेही लक्षात ठेवावे लागते. मुंबईत 'एमडी' या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन हेही उत्तेजक द्रव्य आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. अ‍ॅम्फेटामिनसाठीच्या साध्या पट्टीवर ते भरवशाने दिसत नाही. मेफेड्रोनच्या रुग्णासाठी अशी पट्टी वापरली, तर प्रत्येक नमुना निगेटिव्ह दिसेल आणि बक्षीस कशाचे दिले हेच कळणार नाही. याच्या उलट, सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन किंवा नैराश्यावरचे ब्युप्रोपिऑन घेणाऱ्याचा नमुना अ‍ॅम्फेटामिनसाठी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून रुग्ण घेत असलेल्या औषधांची यादी पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी लागते आणि शंका आल्यास प्रयोगशाळेतील खात्रीची चाचणी करावी लागते. नमुना त्याच वेळचा आहे की नाही, हे भांड्यावरच्या तापमानपट्टीने कळते. नुकत्याच दिलेल्या लघवीचे तापमान साधारण 32 ते 38 अंश सेल्सिअस असते.

कुठे चुकते आणि कसे ओळखावे

पहिली नेहमीची चूक उशिराची. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला, निकाल चार दिवसांनी आला आणि कूपन पुढच्या आठवड्यात मिळाले, तर रुग्णाच्या लेखी ते बक्षीस कशाचे, हा धागाच तुटतो. त्या चार दिवसांत त्याने नशा केली असेल, तर बक्षीस नशेच्या पाठीवर येऊन बसते. म्हणून चांगल्या कार्यक्रमात केंद्रातच काही मिनिटांत निकाल देणारी चाचणी वापरतात आणि त्याच भेटीत कूपन हातात ठेवतात. ही चूक ओळखायला नोंदवही पुरते: नमुन्याची वेळ आणि बक्षिसाची वेळ शेजारी लिहिली, की अंतर दिसते.

दुसरी चूक रकमेची. बक्षीस परवडावे म्हणून ते इतके लहान केले जाते की त्यात जोरच राहत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील केनेथ सिल्व्हरमन यांनी 1999 साली मेथॅडोन घेणाऱ्या, आणि तरीही कोकेन न सोडू शकलेल्या, 29 रुग्णांवर हे तपासले. आधीच्या कूपन उपचाराने यांच्यात फरक पडला नव्हता. त्याच रुग्णांना वेगवेगळ्या काळात कमाल शून्य, 382 आणि 3480 डॉलरची वेळापत्रके दिली. मोठ्या रकमेच्या काळात 45 टक्के रुग्ण सलग चार आठवडे किंवा अधिक काळ स्वच्छ राहिले. लहान रकमेत एकच रुग्ण, आणि शून्यात कुणीच नाही. रक्कम वाढवली की सर्वच रुग्ण सुधारतात, असे यावरून म्हणता येत नाही. पण ज्याला एका पातळीने फरक पडला नाही, त्याच्यावर पद्धत निरुपयोगी ठरली असे ठरवण्यापूर्वी रक्कम पुरेशी होती का, हे पाहावे लागते. अमेरिकेत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांना बराच काळ एका रुग्णामागे वर्षाला 75 डॉलरची मर्यादा होती. बारा आठवडे दोन-दोन तपासण्या धरल्या, तर हे दर नमुन्याला जेमतेम तीन डॉलर होतात. अशा रकमेवर चाललेल्या कार्यक्रमाच्या अपयशाचा दोष पद्धतीला लावता येत नाही.

तिसरी चूक चांगुलपणातून होते. रुग्ण रडतो, घरची अडचण सांगतो, 'फक्त एकदाच' म्हणतो, आणि कर्मचारी पॉझिटिव्ह नमुन्यावरही कूपन देऊन टाकतो. किंवा उलट, निगेटिव्ह नमुना आला तरी रुग्ण उद्धट वागला म्हणून कूपन रोखून धरतो. दोन्हींत बक्षीस नमुन्याला जोडलेले राहत नाही. ते कर्मचाऱ्याच्या मर्जीला जोडले जाते, आणि रुग्ण नशा टाळण्याऐवजी कर्मचाऱ्याची मनधरणी करायला शिकतो. म्हणून नियम लेखी असावे लागतात. न आलेला नमुना पॉझिटिव्ह धरला जाईल, रुग्णालयात दाखल होण्यासारखी कोणती कारणे ग्राह्य धरली जातील, त्यासाठी कोणता कागद लागेल, हे पहिल्या दिवशी रुग्णाला वाचून दाखवून सही घेतली जाते. कॅलिफोर्नियाच्या कार्यक्रमात रक्कम संगणकप्रणाली ठरवते. कर्मचारी फक्त निकाल नोंदवतो. त्यामुळे कनवाळूपणाला आणि रागाला एकाच वेळी आळा बसतो. एकाच केंद्रात दोन कर्मचाऱ्यांनी दिलेल्या बक्षिसांची नियमांशी तुलना केली, तर ही चूक लगेच उघडी पडते.

चौथी चूक लक्ष्य फुगवण्याची. मेथॅम्फेटामिन सोडणे, दारू सोडणे, गांजा सोडणे, गटचर्चेला येणे आणि नोकरी शोधणे, या सर्वांची मिळून एकच अट केली, तर ती जवळजवळ कधीच पुरी होत नाही. ज्याला पहिले बक्षीसच मिळत नाही, त्याला बक्षिसाची ओढ लागण्याचा प्रश्न येत नाही. कॅलिफोर्नियात बक्षीस फक्त उत्तेजक द्रव्यांच्या निकालावर ठरते. नमुन्यात अफूजन्य पदार्थ सापडला, तर त्यावर उपचाराची चर्चा होते, पण उत्तेजकांसाठीचे बक्षीस मिळतेच. दुसऱ्या एखाद्या गोष्टीला बक्षीस द्यायचेच असेल, तर तिचे वेगळे वेळापत्रक ठेवावे लागते. पहिले बक्षीस लवकर चाखायला मिळावे म्हणून पेट्री यांच्या पद्धतीत सुरुवातीलाच रुग्णाला नमुन्यादाखल चिठ्ठी काढू देतात.

पाचवी चूक बोलण्यातली. पॉझिटिव्ह नमुन्यावर कर्मचाऱ्याने उपदेश सुरू केला किंवा चेहऱ्यावर निराशा दाखवली, तर पुढच्या वेळी नशा केलेला रुग्ण येण्याचेच टाळतो, आणि तपासणीच बंद पडते. प्रशिक्षणात शिकवले जाणारे बोलणे थोडके आणि कोरडे असते: आजचा निकाल पॉझिटिव्ह आहे, म्हणून आज बक्षीस नाही, पुढची तपासणी गुरुवारी, तेव्हा निगेटिव्ह आल्यास इतके डॉलर. निगेटिव्ह निकालावर मात्र मोकळेपणाने अभिनंदन करायचे आणि पुढच्या वेळची वाढलेली रक्कम सांगायची. पॉझिटिव्ह नमुन्यासाठी रुग्णाला उपचारातून काढायचे नाही. त्याला गमवावे लागते ते फक्त त्या वेळचे बक्षीस आणि चढलेली पातळी.

मर्यादा

बक्षीस थांबले, की परिणाम ओसरू लागतो. या पद्धतीवरचा हा सर्वांत जुना आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. उपचार संपल्यानंतरच्या तपासण्या एकत्र करून 2021 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, एक वर्षापर्यंतच्या काळात कंटिन्जन्सी मॅनेजमेंट घेतलेले रुग्ण इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा स्वच्छ आढळण्याची शक्यता अधिक दिसली. फरक मोठा नव्हता. म्हणूनच बारा आठवड्यांनंतर रक्कम आणि तपासण्या एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी केल्या जातात, आणि त्या काळात समुपदेशनातून नोकरी, नाती आणि छंद अशा नशेबाहेरच्या बक्षिसांचा शोध चालू ठेवला जातो.

कार्ड कुठे चालावे, हाही आखणीचाच भाग आहे. कॅलिफोर्नियाच्या गिफ्ट कार्डवर दारू, तंबाखू, गांजा आणि लॉटरीची तिकिटे घेता येत नाहीत. रुग्ण ते कार्ड विकून नशेचे पैसे उभे करील, ही भीती पूर्णपणे घालवता येत नाही. पण नशा केली तर पुढच्या तपासणीत दिसते आणि पातळी घसरते, म्हणजे वेळापत्रक नीट आखलेले असेल तर अशा व्यवहाराची किंमत त्याला पुढच्याच भेटीत मोजावी लागते. अंतर, वेळ, रक्कम आणि नियम यांपैकी एकही सैल असेल, तर मात्र ती मोजली जात नाही.